नोंद नाही म्हणजे माणूस नाही?

रात्री दोन वाजता वस्तीत जीप येते. पोराला झोपेतून उठवतात, चप्पलसुद्धा घालू देत नाहीत, आणि जीप निघून जाते. सकाळी आई चौकीवर जाते. ठाणे अंमलदार रजिस्टर उघडतो, बोट फिरवतो आणि सांगतो, ‘बाई, या नावाचा कोणी आमच्याकडे नाही.’ आई दुसऱ्या चौकीवर जाते. तिथंही नाही. तिसरीकडं सांगतात, क्राईम ब्रँचला विचारा. क्राईम ब्रँच म्हणते, चौकीला विचारा. असा तो पोरगा या शहरात कुठंच नसतो.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे की या ‘नाही’ला आपण फार लवकर शरण जातो. रजिस्टरात नाव नाही म्हणजे माणूस आत नाही, हे पोलिसांचं गणित आहे. कायद्याचं गणित उलटं आहे. माणूस आत असेल आणि नोंद नसेल, तर ती नोंद नसणं हाच पहिला गुन्हा. त्या गुन्ह्यावर बोट ठेवायला एक अर्ज आहे. इंग्रजांच्या कायद्यातून आलेलं त्याचं नाव हेबियस कॉर्पस. आपल्या संविधानाच्या मराठी पुस्तकात त्याला देहोपस्थिती म्हटलंय, हिंदीवाले बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. नावं जड आहेत, मतलब सोपा आहे: देह हजर करा. ज्याला तुम्ही धरलंय त्याला कोर्टापुढं उभा करा, आणि कुठल्या कायद्यानं धरलंय ते सांगा. सांगता येत नसेल तर सोडा.

हा अर्ज अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात किंवा अनुच्छेद ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात करता येतो. ३२ म्हणजे संविधानाचं हृदय, असं बाबासाहेब घटना समितीत म्हणाले होते ते तुम्हाला माहीत आहे. त्यांची दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमात कायद्याच्या न्याय्यतेची अट राहिली नाही, म्हणजे उद्याची संसद वाटेल तसा अटकेचा कायदा करील, अशी टीका झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी १५-अ हे नवं कलम मांडलं. आज तोच अनुच्छेद २२ आहे. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या. प्रतिबंधक स्थानबद्धतेत हे २४ तास लागू होत नाहीत. पण तिथं निदान एक लेखी आदेश असतो, त्याच्यातल्या चुकांवर भांडता येतं. इथं मी ज्याच्याबद्दल कागदाचा कपटाही नाही त्याच्याबद्दल बोलतोय.

तर कागद नसलेला माणूस. त्याची आपल्या देशातली सगळ्यात मोठी केस केरळातली आहे. ती नीट समजून घ्या, कारण हा अर्ज कसा चालतो आणि कुठं थांबतो ते तिच्यात दिसतं.

१९७६ साल, आणीबाणी. फेब्रुवारीच्या अखेरीस कोळिकोड जिल्ह्यात कायण्णा पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. पोलिसांनी जिल्हा पिंजायला घेतला. १ मार्चच्या पहाटे कोळिकोडच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारातून त्यांनी राजन नावाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उचललं. सोबत आणखी एका विद्यार्थ्यालाही. नेलं कक्कयमला. तिथं ना ठाणं होतं ना लॉकअप. क्राईम ब्रँचनं डोंगरात उभारलेला तो एक कॅम्प होता. चौकशी कॅम्प म्हणायचं, म्हणजे आपण काय ते समजून घ्यायचं. कॅम्पला ना ठाण्याचं रजिस्टर, ना जवळ मॅजिस्ट्रेट.

राजनचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. कॉलेजच्या प्राचार्यांनी एक काम केलं. मला वाटतं सगळी केस त्या एका कामावर उभी राहिली. त्यांनी त्याच दिवशी वडिलांना रजिस्टर पत्र धाडलं: तुमच्या मुलाला पोलिसांनी नेलं आहे. बस्स, एवढंच. पण त्या पत्रावर तारीख होती, पोस्टाचा शिक्का होता, आणि लिहिणारा माणूस जागेवरचा होता. पुढं सरकार म्हणणार होतं की या मुलाला आम्ही हातही लावला नाही. तेव्हा हे पत्र घरात येऊन पडलेलं होतं.

वडील फिरले. कॅम्पच्या दारापर्यंत गेले, आत सोडलं नाही. अधिकाऱ्यांना भेटले. गृहमंत्री के. करुणाकरन यांना भेटले. गृहसचिवांना अर्ज, राष्ट्रपतींना अर्ज, खासदारांना पत्रं. प्रत्येकाची नक्कल जपून ठेवली. उत्तर कुठूनच नीट आलं नाही. कोर्टात का गेले नाहीत, असा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. कोर्टाचं दार बंद होतं. जून १९७५ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुच्छेद १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जाण्याचा हक्कच गोठवला होता. आपल्या नागपूर खंडपीठासह नऊ हायकोर्टांनी तरीही म्हटलं की आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढं आम्ही तपासू. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं जबलपूर केसमध्ये हे सगळं पुसून टाकलं. पाच न्यायाधीशांपैकी चार म्हणाले, आणीबाणी असेतो हेबियस कॉर्पस मागायचा कोणाला अधिकार नाही. या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे एच. आर. खन्ना विरुद्ध गेले, आणि पुढं ज्येष्ठता असून त्यांना सरन्यायाधीश केलं नाही. तो निकाल आज मेलेला आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीतसुद्धा अनुच्छेद २१ गोठवता येत नाही असं केलं, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. मोडीत काढणाऱ्या निकालपत्रांतलं एक चंद्रचूडांच्या मुलानं लिहिलं. पण ते चाळीस वर्षांनी. १९७६ मध्ये बापाला थांबावं लागलं.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. २५ मार्चला ईच्चर वारियर यांनी केरळ हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज टाकला. चार दिवस! तेरा महिने गोळा केलेला कागद तयार होता म्हणून चार दिवसांत अर्ज झाला. त्याच २५ मार्चला करुणाकरन केरळचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे अर्जात ज्यांना सामनेवाला केलं होतं ते आता राज्याच्या सर्वात वरच्या खुर्चीत.

आता इथं जरा थांबून बघा, कारण आपल्या पोरांच्या बाबतीतही हेच होतं. कोर्टानं नोटीस काढली. सरकारनं आणि पोलीस अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली. काय दिली? राजनला अटक केलीच नाही. तो आमच्याकडे नाही, नव्हता. मुख्यमंत्र्यांनीही शपथेवर हात झटकले. साधारणपणे हेबियस कॉर्पस इथंच मरतो. मोठा साहेब शपथेवर ‘नाही’ म्हणतो, आई शपथेवर ‘आहे’ म्हणते, आणि कोर्ट म्हणतं की हा वस्तुस्थितीचा वाद आहे, आम्ही त्यात कसं शिरणार? अर्ज निकालात काढला. कोणाचा शब्द कोणाच्या शब्दापेक्षा जड, हे या देशात कसं ठरतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण न्यायमूर्ती पोट्टी आणि न्यायमूर्ती खालिद या दोघांनी अर्ज निकालात काढला नाही. त्यांनी साक्षी घेतल्या. हायकोर्टाच्या रिट अर्जात तोंडी साक्षी सहसा होत नाहीत, प्रतिज्ञापत्रांवर काम चालतं. या दोघांनी माणसं पिंजऱ्यात उभी केली. राजनला नेताना ज्यांनी पाहिलं ते कॉलेजमधले लोक आले. त्याच कॅम्पमध्ये कोंडलेले आणि तिथं राजनला पाहिलेले लोकही आले. प्राचार्यांचं पत्र आलं. वडिलांच्या अर्जांच्या नकला आल्या. त्यातून कोर्टानं एक साधी गोष्ट पकडली. पोलीस खरोखर निर्दोष असते तर एवढ्या अर्जांनंतर त्यांनी चौकशी केली असती, बापाला लेखी कळवलं असतं की बाबा, तुझा मुलगा आमच्याकडे नाही. वर्षभर काहीच न कळवणारा माणूस कोर्टात आल्यावर पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो, त्या ‘नाही’वर विश्वास कसा ठेवायचा?

१३ एप्रिल १९७७ ला निकाल. अर्ज टाकल्यापासून एकोणीस दिवसांत. राजनला पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं आणि कक्कयमच्या कॅम्पात ठेवलं होतं असं कोर्टानं ठरवलं. २१ एप्रिलला त्याला हजर करा. जमत नसेल तर १९ तारखेपर्यंत सगळी हकीगत लेखी द्या. सरकार हजर करू शकलं नाही. २५ एप्रिलला करुणाकरन यांनी मुख्यमंत्रीपद सोडलं. राज्यपालाच्या शपथेनंतर बरोबर महिन्याभरात. मे महिन्यात सरकारला कोर्टात कबूल करावं लागलं की राजन मेला आहे. तो उचलल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ मार्च १९७६ ला, कॅम्पात छळानं मेला होता. बाप तेरा महिने ज्याच्यासाठी अर्ज करत होता तो पहिला अर्ज लिहायच्या आधीच संपला होता. प्रेत कधी सापडलं नाही.

मग अर्ज जिंकला की हरला? हेबियस कॉर्पसचं नावच देह आणा असं आहे, आणि देहच आला नाही. अधिकाऱ्यांवर खटला चालला, तमिळनाडूत कोइमतूरला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, अपिलात सुटले. ईच्चर वारियर २००६ मध्ये वारले, मुलाचं दहन न करता. तरी मी म्हणतो जिंकला, एका अर्थानं. राजनची नोंद झाली. सरकारच्या कुठल्याच वहीत जो माणूस नव्हता तो हायकोर्टाच्या निकालात नावानिशी बसला, कुठून नेला, कुठं ठेवला यासकट. आणि कोर्टानं हे ठरवून दिलं की पोलिसाचं ‘नाही’ हे अर्जाचं उत्तर असू शकतं, शेवट नव्हे.

मणिपूरमध्ये हेच पुढं सरकलं. मार्च १९८२ मध्ये लष्कराच्या जवानांनी एका गावातल्या दोघांना फुंगरेईच्या छावणीत नेलं. अर्ज केला सेबॅस्टियन होंगरे या जेएनयूमधल्या विद्यार्थ्यानं. तो त्यांचा बाप नाही, भाऊ नाही. हेबियस कॉर्पस कोणीही करू शकतो, आत असलेल्याला वकीलपत्रावर सही करता येत नाही म्हणून. लष्कर म्हणालं, सोडून दिलं. सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही, हजर करा म्हणाले. लष्करानं हजर केलं नाही. १९८४ मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल दोघांच्या बायकांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला लावले. ‘आत जाताना पाहिलं, बाहेर येताना कोणी पाहिलं नाही’, एवढ्यावर हा निकाल उभा आहे.

आता आपल्याकडं वळू. राजनची केस का उभी राहिली? कोर्ट चांगलं होतं हे खरं. पण त्याआधी काय होतं? इंजिनिअरिंग कॉलेज होतं. प्राचार्य होते, त्यांना पत्र लिहायची सवय होती. बाप प्राध्यापक, त्याला अर्जाची नक्कल ठेवायची सवय. साक्षीदार शिकलेले, कोर्टात उभं राहिले तर कोणी हसणार नाही असे. आपल्या वस्तीतला नाक्यावर उभा राहणारा पोरगा उचलला तर त्याच्यासाठी रजिस्टर पत्र कोण धाडतो? त्याचा मुकादम? त्याचा प्राचार्य हा मुकादमच असतो आणि तो दुसऱ्या दिवशी नवीन पोरगा घेऊन कामाला जातो. म्हणून माझं म्हणणं आहे की मोर्चा दुसऱ्या दिवशी काढा, पण कागद पहिल्या तासात करा. वहीत पोलिसांचीच लेखणी चालते, तोवर खोटं त्यांचंच खरं ठरतं.

कागद म्हणजे काय? ज्यानं पाहिलं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं: किती वाजता, कुठून, किती माणसं, वर्दीत की साध्या कपड्यात, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेनं गेली. खाली सही, तारीख, वेळ. ऐकीव एक अक्षर नको, कोर्टात तेवढंच एक अक्षर पकडून सगळा कागद खोटा पाडतात. पूर्वी यासाठी तार करायचे, तारेवर वेळ छापून यायची. २०१३ मध्ये तार बंद झाली. आता ईमेल करा, पोलीस आयुक्तांना, ठाण्याला, मॅजिस्ट्रेटला, त्याच मजकुराचा. वेळ आपोआप पडते. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर स्पीड पोस्टानं, पावती जपून. मजकुरात एक ओळ विसरू नका: ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा. २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण अठरा महिने, अगदीच न जमलं तर निदान वर्षभर ठेवा असं सांगितलंय. कॅमेरा बंद होता असं म्हणतील. म्हणू दे. राखून ठेवा असं लेखी सांगितल्यानंतर बंद असलेला कॅमेरा कोर्टाला वेगळा दिसतो.

पोलिसांची उत्तरं तीन असतात. एक, आणलाच नाही. दोन, आणला होता, विचारपूस केली, सोडला. त्यासाठी वहीत ‘सुखरूप सोडले’ अशी सही घेतलेली असते, कधी कोऱ्या कागदावर. तिसरं उत्तर सगळ्यात हुशार आणि शहरात तेच जास्त चालतं. अर्ज दाखल झाल्याचा वास लागला की पोराला ‘काल रात्री साडेअकराला’ अटक दाखवतात आणि सकाळी मॅजिस्ट्रेटपुढं नेऊन रिमांड घेतात. आधीचे तीन दिवस हवेत. आणि हेबियस कॉर्पस तिथं गळतो, कारण हायकोर्ट सहसा बघतं ते आजची कोठडी कायदेशीर आहे का एवढंच. रिमांडचा आदेश आला की आजची कोठडी कायदेशीर झाली. पुढची लढाई जामिनाची.

पण गळला तरी त्यानं काम केलेलं असतं. पोरगा उजेडात आला. आणि तुमच्या ईमेलवर तीन दिवस आधीची वेळ असेल तर रिमांडच्या वेळीच वकिलाला मॅजिस्ट्रेटपुढं ती ठेवता येते: अटक साडेअकराची नाही, तीन दिवसांपूर्वीच्या दोन वाजताची आहे, २४ तास कधीच उलटले. अटकेचा पंचनामा मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे त्यावर घरच्याची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटक झालेल्याचीही. प्रतिष्ठित या शब्दावर थुंकावंसं वाटतं, पण सही कोणाची आहे ते बघा. बहुतेक वेळा ठाण्याचा नेहमीचा पंच असतो. पोराला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं की त्यानं स्वतः तोंड उघडून सांगावं, मला अमुक दिवसापासून धरलंय, मारलंय, वैद्यकीय तपासणी करा. त्या क्षणी तो बोलला नाही तर पुढं कोणी मानत नाही. मॅजिस्ट्रेट न बघता सही करत असला तरी बोलायचं.

हायकोर्ट लांब आहे, वकील महाग आहे, हे मला कळतं. दोन गोष्टी जवळ आहेत. पहिली, त्याच संहितेचं कलम १००, जुन्या फौजदारी संहितेत ९७ होतं. कोणाला बेकायदा डांबून ठेवलंय अशी सबळ शंका असेल तर प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट झडतीचं वॉरंट काढून त्या माणसाला आपल्यापुढं आणायला लावू शकतो. जिल्ह्याच्या कोर्टात होतं ते, त्याच दिवशी मागता येतं. ठाण्याच्या मागच्या खोलीची झडती घ्यायला सांगायला मॅजिस्ट्रेट कचरतो, पण अर्ज दिला एवढ्यानं सुद्धा आतली माणसं हलतात. दुसरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे आईचा साधा अर्ज चालतो. तिथला बाबू उत्पन्नाचा दाखला मागेल, तेव्हा त्याला कलम १२ दाखवा. जातीचा दाखला मात्र बरोबर ठेवा. रात्रीच शोधून ठेवला तर बरं, सकाळी आई ठाण्याच्या वाऱ्या करत असते आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते.